रिजेक्शनच्या पेटीपासून सुरुवात कर

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला. बी.ई. मेकॅनिकल करून दोन वर्षं उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीत आहे. मला फौंड्रीत, मेथडिंगमध्ये जायचंय. पण घरात, पाहुण्यांत, गावात या लाइनीतलं कुणीच नाही. लिंक्डइनवर वीसेक सीनियर लोकांना 'मार्गदर्शन करा' म्हणून मेसेज टाकले. दोघांनी 'शुअर' म्हटलं, पुढे काही नाही. ओळख नसताना गुरू शोधायचा कसा आणि त्याच्याशी बोलायचं कसं?

उत्तर : त्या 'शुअर'वाल्या दोघांवर रागावू नकोस. मलाही असे मेसेज येतात आणि मीही चार-दोन वेळा 'शुअर' लिहून गप्प बसलोय. 'मार्गदर्शन करा' म्हटलं की समोरच्याला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. तुला काय येतं, कुठे अडलंय, याचा त्याला पत्ता नसतो. दिवसभर रिजेक्शनवरून बोलणी खाऊन घरी आलेला माणूस अशा मेसेजला 'उद्या बघू' म्हणतो, आणि तो उद्या काही येत नाही.

पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी मेथडिंगमध्येच आहे. म्हणजे ओतकाम करायच्या नगासाठी धातू साच्यात कुठून सोडायचा, रायझर, म्हणजे नग थिजताना त्याला धातू पुरवणारा साठा, कुठे आणि केवढा ठेवायचा, कोअर कसा बसवायचा, हवा-वायू कुठून काढायचा हे ठरवायचं काम. माझ्या घरातही या धंद्यातलं कुणी नव्हतं. त्यामुळे तुझी अडचण मला ठाऊक आहे. पण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तुझ्याच नजरेतून सुटलीय. तू मशीनशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहेस, आणि फौंड्रीवाल्याला जे कधीच दिसत नाही ते तुला रोज दिसतं.

कसं ते सांगतो. फौंड्रीत नग फेटलिंग होऊन, शॉटब्लास्ट होऊन बाहेर पडतो तेव्हा वरून स्वच्छ दिसतो. आतली भोकं तुमच्याकडे बोअर मारल्यावर, दोन-तीन मिलिमीटर माल काढल्यावर उघडी पडतात. फौंड्रीला त्यानंतर मिळतो तो फक्त एक कागद : इतके नग रिजेक्ट, कारण 'ब्लोहोल', आणि खाली डेबिट नोट. भोक नेमकं कुठे होतं, आतून कसं होतं, कुठल्या कॅव्हिटीचा, म्हणजे साच्यातल्या कुठल्या जागेतला नग होता, कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या कुठल्या खेपेचा होता, यातलं त्या कागदावर काहीही नसतं. मेथडिंगचा माणूस नेमका याच माहितीसाठी तडफडत असतो. तेव्हा तू हात पसरून जाणारा नाहीस, त्याला हवी असलेली वस्तू घेऊन जाणारा आहेस. ती वस्तू अजून तू गोळा केलेली नाहीस, एवढंच.

माझ्याकडे जो पोरगा अशा वाटेने आला त्याचीच गोष्ट सांगतो. तोही खानापूरकडूनच रोज येऊन-जाऊन करायचा आणि तुझ्यासारखाच इन्स्पेक्शनला होता. त्यांच्याकडे ग्रे आयर्नचं एक बेअरिंग हाउसिंग यायचं, साधारण अकरा किलोचं. बोअर फिनिश केल्यावर काही नगांना आत भोकं निघायची. सगळे 'ब्लोहोल' लिहून मोकळे व्हायचे. याने सहा आठवडे एक वही ठेवली. प्रत्येक रिजेक्ट नगाचा हीट कोड, नगावर उठलेला कॅव्हिटी नंबर, भोक घड्याळाच्या काट्याप्रमाणे कुठे आहे (बाराच्या जागी, तीनच्या जागी असं), आणि शेजारी सहा इंची पट्टी ठेवून काढलेला फोटो. शिवाय टॉर्च मारून भोकाच्या आत बघायचं आणि आतली भिंत गुळगुळीत आहे की खरखरीत, ते लिहायचं.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घे, कारण बोलणं तिथूनच सुरू होतं. भोकाची भिंत गुळगुळीत, चकचकीत असेल तर बहुतेक वेळा तिथे वायू अडकलेला असतो. भिंत खरखरीत, दाणेदार, फाटल्यासारखी दिसत असेल तर ते श्रिंकेज असतं, म्हणजे धातू थिजताना आक्रसला आणि त्या जागेला वरून धातू मिळाला नाही. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि खात्रीने सांगू शकणारी माणसंही वेगळी. वायूचा प्रश्न असेल तर वाळू आणि कोअर बघणाऱ्यांना गाठावं लागतं, आणि श्रिंकेज असेल तर रायझर काढणाऱ्याला. म्हणजे कुणाला विचारायचं हे निम्मं त्या भोकानेच ठरवलेलं असतं.

सहा आठवड्यांत त्याच्या वहीत ३१ नग जमले. त्यातल्या २३ नगांवर कॅव्हिटी नंबर ३ होता. साच्याच्या वाळूत नगाचा आकार उठवणाऱ्या पॅटर्न प्लेटवर एका वेळी चार नग निघायचे, चारही कॅव्हिट्यांत तीच वाळू आणि त्याच लॅडलमधला धातू. वाळूत ओल जास्त असती किंवा धातू थंड ओतला गेला असता, तर चारही कॅव्हिटी थोड्याफार सारख्याच बिघडल्या असत्या. एकच कॅव्हिटी एवढी बिघडते म्हणजे काहीतरी तिच्यापुरतंच चुकतंय. पोराला हे कळलं होतं. त्यापुढे काय, ते कळत नव्हतं.

आता माणसाकडे वळतो. आपल्या बेळगावात एक सोय आहे जी इतर अनेक गावांना नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन ही १९५० साली स्थापन झालेली फौंड्रीवाल्यांची संस्था आहे आणि तिचा बेळगावला चॅप्टर आहे. कोल्हापूरलाही आहे. अधूनमधून तांत्रिक व्याख्यानं होतात. वाळू, कोअर, इनॉक्युलेशन, असे विषय असतात. तिथे कुणी तुला 'कुणाचा कोण' असं विचारत नाही. कंपनीचं नाव सांगितलं की खुर्ची मिळते. व्याख्यान कधी आहे आणि बाहेरच्याला बसता येईल का, ते चॅप्टरला आधी फोन करून विचारून घे.

तिथे पोरं एक चूक हमखास करतात. व्याख्यान संपलं की सगळे वक्त्याभोवती गोळा होतात, कार्ड मागतात, सेल्फी काढतात. वक्ता बहुतेक वेळा बाहेरगावचा, कुठल्या तरी केमिकल किंवा मशिनरी कंपनीचा असतो. तो रात्रीच्या गाडीने परत जातो. तुझ्या कामाचा माणूस प्रेक्षकांत बसलेला असतो. प्रश्नोत्तरांत ज्याने खोचक प्रश्न विचारला, 'हे तुम्ही म्हणता ते आमच्याकडे पावसाळ्यात चालत नाही' असं जो म्हणाला, त्याच्याकडे लक्ष ठेव. तो इथलाच असतो, रोज तेच भोगत असतो, आणि चहाच्या वेळी बहुधा एकटाच उभा असतो. हा पोरगा मला तसाच भेटला. मी कोअरच्या वायूबद्दल काहीतरी विचारलं होतं. चहाला येऊन तो म्हणाला, "सर, तुम्ही विचारलेलं माझ्याच नगाबद्दल होतं असं वाटलं. सविस्तर लिहून पाठवू का?" दोन मिनिटं बोलला, नंबर घेतला आणि गेला. तिथे फोटो काढून दाखवत बसला नाही, हे मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. तो जवळजवळ जसाच्या तसा देतो :

"नमस्कार सर. काल चहाच्या वेळी भेटलो होतो. ग्रे आयर्नच्या बेअरिंग हाउसिंगमध्ये बोअर फिनिश केल्यावर वरच्या बाजूला भोकं निघतात. आतून गुळगुळीत आहेत. सहा आठवड्यांत ३१ नग गेले, त्यातले २३ तीन नंबर कॅव्हिटीचे. मला वाटतं वायू कोअरमधून येत असावा, पण मग एकाच कॅव्हिटीत का, हे कळत नाही. पुढे मी काय बघावं?"

यात काय आहे ते बघ. त्याला स्वतःला काय वाटतं ते आहे, आणि कुठे अडलंय तेही आहे. विचारलेली गोष्ट एकच, आणि तिचं उत्तर दोन ओळींत देता येतं. त्याचं शिक्षण, त्याची स्वप्नं, 'आपल्यासारख्या थोर व्यक्तीकडून' वगैरे काही नाही. मी जेवायच्या आधीच उत्तर लिहिलं : "साचा बंद करायच्या आधी तीन नंबरच्या कोअरचा वायू कुठून बाहेर जातो ते बघ. आणि एक नग भोकातून उभा कापून आण, फोटोवरून मी सांगणार नाही."

फोटोवरून न सांगणं हा माझा हट्ट नाही. मोबाइलच्या उजेडात खरखरीत भिंतही चकचकीत दिसते. जो सीनियर फोटो बघून अर्ध्या मिनिटात छातीठोक निदान करतो, त्याचं उत्तर अंदाज म्हणूनच धर.

फौंड्रीत शिरायला त्याला परवानगी लागणार होती. त्याने आपल्या साहेबाला वही दाखवली आणि व्हेंडर क्वालिटी बघणाऱ्याबरोबर जायला मागितलं. साहेबाने 'जा की, डेबिट नोटा लिहून मीही कंटाळलोय' म्हणून सोडलं. हे असंच सरळ कर. साहेबाला डावलून पुरवठादाराच्या फौंड्रीत गेलास तर तिथल्या माणसाला तू हेरगिरी करायला आलास असं वाटेल, आणि तुझ्या साहेबाला तू नोकरी शोधतोयस असं.

फौंड्रीत त्याला खरं शिकवलं कोअर शॉपच्या सुपरवायझरने. वयाने पन्नाशीचे, कन्नड बोलणारे, मराठी समजतं पण बोलताना कन्नडच. आपल्याकडची बरीच मराठी पोरं इथेच कच खातात. शाळा मराठी, इंजिनिअरिंग इंग्रजीत, आणि शॉपफ्लोअरवर मराठी-कन्नड-हिंदी असं मिसळलेलं. मग ती पोरं फक्त मराठी बोलणाऱ्यांच्या मागे लागतात आणि निम्मी जाणती माणसं तिथेच सुटतात. तुला कन्नड फर्डं यायला नको. पण "सर, स्वल्प टाइम कोडी", म्हणजे थोडा वेळ द्या, आणि "इदु याके हीगायितु?", म्हणजे हे असं का झालं, एवढं तोडकंमोडकं जरी बोललास तरी समोरचा माणूस सैल होतो. पुढचं तो स्वतःच निम्मं मराठीत सांगतो. त्या पोराने तेच केलं. त्या सुपरवायझर मामांनी त्याला हाताला धरून मोल्डिंग लाइनवर नेलं.

कोअर म्हणजे नगाच्या आतली पोकळी तयार करणारा वाळूचा ठोकळा. त्यातली वाळू रेझिनने बांधलेली असते. वितळलेलं लोखंड भोवती आलं की रेझिन जळतं आणि वायू सुटतो. कोअर साच्यात ज्या खोबणीत बसतो तिला प्रिंट म्हणतात. त्या प्रिंटमधून वायूला बाहेर जायला वाट ठेवलेली असते. ती वाट बंद असेल तर वायू धातूत बुडबुडा होऊन शिरतो, वर चढतो आणि धातू थिजला की तिथेच अडकतो. भोकं बोअरच्या वरच्या बाजूला निघत होती ती यामुळे. वायूची वाट साच्याच्या वाळूत उठावी म्हणून पॅटर्नवर एक बारीक पट्टी बसवलेली असते. मामांनी पॅटर्न प्लेट दाखवली. एक, दोन आणि चार नंबरला पट्टी होती. तीन नंबरची झिजून जवळजवळ सपाट झाली होती. रोजच्या रोज पॅटर्न पुसणाऱ्यालाही ते जाणवलं नव्हतं.

पट्टी नवी बसवली. पुढच्या लॉटांत तीन नंबरचे नग इतर कॅव्हिट्यांच्या बरोबरीला आले. खूश होऊन त्याने मला कळवलं. मी विचारलं, "मग उरलेल्या आठांचं काय?"

३१ मधून २३ गेले की आठ उरतात, आणि त्या आठांकडे त्याने पाहिलंच नव्हतं. तो दोन आठवडे गप्प होता. मग त्या आठांची जुनी टिपणं काढून त्याने लिहिलं : पाचांच्या भिंती खरखरीत आहेत, भोक दुसऱ्याच जागी आहे, फ्लँज जिथे जाड होतो तिथे. म्हणजे ते श्रिंकेज. त्या दिवसापासून मी त्याला शिकवायला लागलो असं मी धरतो. त्याआधी मी फक्त एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. सांगितलेलं करून, काय दिसलं ते परत येऊन सांगणारा माणूस शंभरात एखादा असतो. बाकीचे 'थँक यू सर' लिहून जातात, आणि आपण सांगितलेलं बरोबर होतं की चूक, हे आपल्याला कधीच कळत नाही. तुझा दुसरा मेसेज पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. सांगितलेलं चुकीचं ठरलं असेल तरी कळव. ते ऐकायला मला जास्त आवडतं.

'मला शिष्य करून घ्या' असं त्याने कधी म्हटलं नाही आणि मीही त्याला विचारलं नाही. महिन्या-दीड महिन्यातून एकदा एक प्रश्न यायचा, आधीच्याचा निकाल सोबत घेऊन. एवढंच असेल तर माझ्यासारख्याला ओझं वाटत नाही. आठवड्याला तीन मेसेज आले असते तर मी नक्कीच टाळाटाळ केली असती.

आता दोन खड्डे. पहिल्यात मी स्वतः पडलोय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका नगाच्या फीडिंगवर अडलो होतो म्हणून ड्रॉइंगची झेरॉक्स पिशवीत घालून दुसऱ्या कारखान्यातल्या एका सीनियरकडे गेलो. त्यांनी मनापासून मदत केली. पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ग्राहकाचं नाव होतं, आणि तोच नग घ्यायला त्यांचा कारखानाही दर देत होता, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. बाहेर कळलं तेव्हा मला केबिनमध्ये बोलावून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोकरी वाचली ती त्या सीनियरनी स्वतः येऊन सांगितल्यामुळे. तेव्हा ड्रॉइंग, पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव कुणालाही पाठवू नकोस. हाताने स्केच काढ, जाडीचं प्रमाण दाखव, भोकाची जागा दाखव. मेथडिंगवाल्याला तेवढ्यावर पुष्कळ कळतं. कापलेला नग दाखवायचा असेल तर साहेबाला विचारून गेटपासवरच बाहेर काढ, आणि त्यावरचा नंबर घासून टाक.

दुसरा खड्डा असा की पुरवठादाराच्या फौंड्रीतला माणूस चांगला असला तरी त्याच्या डोक्यावर डेबिट नोट टांगलेली असते. त्यामुळे त्याचं निदान नकळत तुमच्या बाजूला झुकतं : मशीनिंगला माल जास्त काढता, बोअरचं सेंटर चुकवता. कधीकधी ते खरंही असतं. ओळखायचं कसं? त्याला सरळ विचार, "समजा तसं असेल, तर नगात मला आणखी काय दिसायला हवं?" सेंटर चुकत असेल तर एका बाजूला माल जास्त निघायला हवा, ते मोजता येतं. जो माणूस असं मोजता येणारं काही सांगतो त्याच्याकडे पुन्हा जा. जो फक्त 'अरे, तुला नाही कळायचं' म्हणतो, त्याला नमस्कार कर आणि पुढे हो.

माझ्यासारख्याच्याही मर्यादा ध्यानात असू दे. स्टीलमध्ये आयुष्य घालवलेला माणूस तुला सांगेल की रायझरचं मॉड्युलस, म्हणजे घनफळ भागिले थंड होणारा पृष्ठभाग, नगाच्या सुमारे १.२ पट ठेव. स्टीलला ते ठीक आहे. एस.जी. आयर्नमध्ये, म्हणजे ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेल्या ओतीव लोखंडात, थिजताना ग्रॅफाइट बाहेर पडतं आणि धातू थोडा फुगतो, आक्रसणं त्यातून काही अंशी भरून निघतं. साचा घट्ट असेल तर रायझर बराच लहान चालतो. तोच नियम तिथे डोळे झाकून लावलास तर धातू फुकट जाईल. म्हणून ज्याला विचारतोस त्याने कुठल्या धातूत आणि कुठल्या वाळूत काम केलंय ते आधी विचारून घे. यात उद्धटपणा नाही. उलट पोराला काहीतरी कळतंय म्हणून तो माणूस सावरून बसतो.

निवृत्त लोकांचं वेगळं आहे. त्यांच्याकडे वेळ असतो, गोष्टी सांगायला आवडतात, कुठल्या कारखान्याशी बांधिलकीही नसते. पण त्यांतले काही सल्ला देऊनच घर चालवतात. पहिल्याच भेटीत विचार, "सर, तुम्ही यासाठी फी घेता का?" घेत असतील तर तुझ्या कंपनीमार्फत बोलाव. त्यांच्या पोटावर पाय देऊन फुकट शिकू नकोस.

लिंक्डइन सोडून दे असं मी म्हणत नाही. पण ते वीस मेसेज विसर. उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी रिजेक्शनच्या पेटीकडे जा आणि नग एकेक करून कॅव्हिटी नंबरप्रमाणे लाव. वेळ बघून जा, कारण ती पेटी भरली की नग फौंड्रीला परत जातात, भट्टीत पडतात आणि तुझा पुरावा पुढच्या हीटमध्ये वितळून जातो. आठवड्यातून कुठल्या दिवशी गाडी येते ते स्टोअरवाल्याला आजच विचारून ठेव.